खड्डा बुजवण्याआधी टाकी भरा

सांगलीच्या बाहेर काळ्या रानात सहा फ्लॅटची एक इमारत बांधत होतो. जागेचे मालक अण्णा रोज संध्याकाळी साइटवर चक्कर मारायचे. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीची सळई बांधून झाली तेव्हा त्यांनी फुटपट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, आठ इंच? टाकी बांधताय का धरण?" त्यांच्या जुन्या घरी नऊ इंची विटांची टाकी होती, आतून गिलावा केलेली. ती दर उन्हाळ्यात गळायची आणि दर पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत घ्यायची. एवढा अनुभव गाठीशी असूनही काँक्रीटची आठ इंच भिंत त्यांना उधळपट्टी वाटत होती.

प्रश्न मात्र रास्त होता. ताकदीपुरतं पाहिलं तर आठ इंच लागत नाहीत. मग आम्ही ती का घेतली, वॉटरप्रूफिंग कुठे आणि कधी केलं, आणि चाचणीत पाणी उतरल्यावर गळती कशी सापडली, हे याच टाकीवरून सांगतो.

आधी आकार ठरवू. सहा बिऱ्हाडं, घरटी पाच माणसं धरली तर तीस माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडे धरायचा नेहमीचा आकडा आहे, म्हणजे दिवसाला साधारण चार हजार लिटर. नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि कधी तेही चुकतं, म्हणून तीन दिवसांचा साठा घेतला: बारा हजार लिटर. आतून ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.६ मीटर. गुणाकार बरोबर बारा घनमीटर येतो. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली, म्हणजे आतली उंची १.९ मीटर झाली. यातला एक आकडा पुढे फार कामाला येणार आहे. आतला तळ साडेसात चौरस मीटरचा आहे, त्यामुळे पाण्याची पातळी एक मिलिमीटर उतरली की साडेसात लिटर पाणी गेलं.

आता भिंत. १.६ मीटर खोल पाण्याचा दाब तळाशी चौरस मीटरला १.६ टन असतो आणि वर जाताना कमी होत शून्यावर येतो. एवढ्या दाबाला दीडशे मिलिमीटरची, म्हणजे सहा इंचांची काँक्रीट भिंत गणितात पुरते. मग दोनशेची का?

भिंतीच्या आत काय काय बसवायचं आहे ते मोजून बघा. टाकीला दोन्ही बाजूंनी दाब येतो. भरलेली असताना पाणी आतून ढकलतं, रिकामी असताना माती आणि जमिनीतलं पाणी बाहेरून ढकलतं. त्यामुळे सळईच्या जाळ्या दोन लागतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. सळई गंजू नये म्हणून प्रत्येक जाळीवर काँक्रीटचं कव्हर लागतं. सतत ओल असलेल्या जागी आम्ही ते ४५ मिलिमीटर धरतो. आमच्या भिंतीत उभी सळई १० मिलिमीटरची आणि आडवी ८ची होती, म्हणजे एका जाळीची जाडी १८. एका बाजूचं कव्हर आणि जाळी मिळून ६३, दोन्ही बाजूंचे १२६. दीडशेतून १२६ गेले की मधे उरतात २४ मिलिमीटर.

त्या २४ मिलिमीटरच्या फटीतून २० मिलिमीटरची खडी पावणेदोन मीटर खाली जायला हवी आणि तिच्यात व्हायब्रेटरची सुईही शिरायला हवी. आमच्याकडची सुई ४० मिलिमीटर जाड आहे, ती जाळीतच अडकते. मग मिस्त्री काय करतो? माल खाली जावा म्हणून पाणी वाढवतो, नाहीतर बाहेरून साच्याच्या पत्र्यावर हातोडा मारत बसतो. पत्रे काढल्यावर तळाशी हनीकोंब दिसतो. नुसती खडी, मधे पोकळ्या, सिमेंट कुठेतरी भलतीकडेच वाहून गेलेलं. भिंत दोनशेची घेतली की मधे ७४ मिलिमीटर मोकळे राहतात आणि सुई थेट तळापर्यंत जाते. अण्णांना मी एवढंच सांगितलं, की वरचे दोन इंच व्हायब्रेटरला जागा मिळावी म्हणून आहेत. ते त्यांना लगेच पटलं. सळईचे आकडे मात्र माझ्या टाकीचे आहेत. खोली, माती आणि शेजारून गाडी जाते की नाही यावर ते बदलतात आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच काढून द्यायचे असतात.

पाणी अडवतं ते दाट काँक्रीट, त्यामुळे त्यातलं पाणी मोजूनच घालायला हवं. टाक्यांसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे. त्याच्या २००९च्या आवृत्तीत सळईच्या काँक्रीटला एम-३० ही प्रत दिली आहे आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटींपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. साइटच्या भाषेत ५० किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच मोजायचं. एवढ्या पाण्यात माल घट्ट वाटतो. तो सैल करायचा असेल तर प्लॅस्टिसायझर घालायचं, बादली ओतायची नाही. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक नळ्यांचं जाळं राहतं. तेच पाण्याचे रस्ते होतात.

मिक्सरजवळ "वॉटरप्रूफिंगची पावडर टाकलीय, आता काळजी नको" हे वाक्य हमखास ऐकू येतं. ती पावडर या बारीक नळ्या कमी करते, तेवढंच तिचं काम. हनीकोंब ती भरत नाही आणि सांधाही जोडत नाही. टाकी बहुतेक वेळा सांध्यातूनच गळते.

सांधे टाळता येत नाहीत, कारण तळ आणि भिंत एकाच दिवशी ओतता येत नाहीत. सांधा कुठे आणायचा हे मात्र आपल्या हातात असतं. तो तळाला घासून आणला तर कोपऱ्यात कचरा साचतो आणि पत्र्यातून माल गळतो. म्हणून तळाच्या स्लॅबबरोबरच भिंतीचे पहिले १५ सेंटिमीटर ओतून घेतात. याला साइटवर स्टार्टर म्हणतात. स्टार्टरच्या मधोमध पीव्हीसीची जाड, खाचा असलेली पट्टी उभी ठेवतात: वॉटरबार. ती निम्मी स्टार्टरमध्ये रुतते आणि निम्मी वर राहून दुसऱ्या दिवशीच्या काँक्रीटमध्ये जाते. सांध्यातून शिरलेल्या पाण्याला ही पट्टी ओलांडावी लागते. पट्टी सरळ उभी राहायला हवी, त्यासाठी तिच्या कडेच्या भोकांतून तारेनं दोन्ही जाळ्यांना ताणून बांधायची. दोन पट्ट्या जोडताना नुसत्या एकमेकींवर ठेवून चालत नाही, तापवून एकजीव कराव्या लागतात.

भिंत ओतण्याआधी स्टार्टरच्या माथ्यावरची सिमेंटची साय टोचून काढायची. खडी उघडी दिसली पाहिजे. मग पाण्यानं धुवायचं. भुसा, तारेचे तुकडे, विडीची थोटकं सगळं बाहेर काढायचं. नंतर सिमेंटची स्लरी मारून लगेच भिंत सुरू करायची आणि चारही बाजूंनी फूटभर थर चढवत एका दमात वरपर्यंत न्यायची. आमच्या भिंतीत चार घनमीटरच्या आसपास माल लागला, म्हणजे लहान मिक्सरच्या एका पोत्याच्या तीसेक खेपा. जेवायची सुट्टी त्या दिवशी दोन पाळ्यांत दिली. भिंतीच्या मधे काम थांबलं की तिथे आणखी एक सांधा तयार होतो, आणि त्याला वॉटरबारही नसतो.

दुसरी चोरवाट पत्र्यांच्या बोल्टची. दोन्ही बाजूंचे पत्रे आवळायला भिंतीतून आरपार बोल्ट घालतात आणि बोल्ट निघावा म्हणून त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवतात. बोल्ट निघतो, पाइप भिंतीत राहतो. वर सिमेंटचा गोळा लावून गिलावा केला की कोणाला दिसतही नाही. पाण्याच्या टाकीत हे पाइप नकोतच. मधे लोखंडी चकती वेल्ड केलेले बोल्ट कायमचे आत सोडायचे आणि दोन्ही बाजूंना इंचभर खोदून टोकं कापून न आकसणाऱ्या ग्राउटनं भरायचं. आमच्याकडे कंत्राटदारानं मागच्या भिंतीला अर्ध्या दिवसात पाइपवालेच बोल्ट लावले होते. मी पाहिले तोवर निम्मे पत्रे उभे होते. बाकीचे बदलून घेतले, लावलेले तसेच राहू दिले. ही माझी चूक, आणि तिचं बिल पुढे आलंच.

पाण्याच्या पातळीखाली नळासाठी भोक ठेवलंच नाही. पंपाचा सक्शन पाइप वरच्या स्लॅबमधून खाली सोडला. तळातून किंवा भिंतीतून पाइप न्यायचाच असेल तर मधे गोल पत्रा असलेला पडल फ्लँज काँक्रीट ओतण्याआधी सळईत बसवावा लागतो. नंतर छिन्नीनं भोक पाडून बसवलेला पाइप कधी ना कधी गळतो.

आता काळ्या मातीकडे वळू. ती उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते आणि पावसात फुगते. फुगताना भिंतीला ढकलते. म्हणून टाकीभोवती तीच माती परत टाकत नाहीत, मुरूम भरतात. त्यात एक गोम आहे. काळ्या मातीतून पाणी लवकर निचरत नाही, मुरुमातून मात्र सहज शिरतं. त्यामुळे टाकीभोवतीचा मुरुमाचा पट्टा पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या बादलीसारखा होतो. विहिरीची पातळी खोल असली तरी आपली टाकी पाण्यात उभी असते, आणि पाण्यात रिकामं भांडं तरंगतं.

काँक्रीटची टाकी तरंगेल हे कोणाला खरं वाटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. तळ २० सेंटिमीटर, भिंती २०, वरचा स्लॅब १५. बाहेरून माप ३.४ मीटर बाय २.९ मीटर बाय २.२५ मीटर, म्हणजे सुमारे २२.२ घनमीटर. बाहेर जमिनीपर्यंत पाणी आलं तर ते टाकीला २२.२ टनांनी वर ढकलतं. काँक्रीट एकूण ७.९ घनमीटर, अडीचनं गुणलं की वजन १९.८ टन. रिकामी टाकी हलकी पडते. आत पाणी असेल तर चिंता नाही, पण ऐन श्रावणात धुवायला रिकामी केली तर ती उचलली जाऊ शकते.

उपाय म्हणून तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर वाढवला. त्या पट्टीवर मुरूम बसतो आणि टाकीला दाबून धरतो. पाण्यात मातीचं वजन कमी भरतं, म्हणून घनमीटरला ०.९ टनच धरला. तरी साडेसात टनांचा भार मिळाला आणि वाढवलेल्या काँक्रीटचे दोन टन वेगळे. एकूण वजन साडेएकोणतीस टन आणि वर ढकलणारा जोर २३ टन, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. निदान १.२ पट हवं, ते मिळालं. पण मुरूम भरेपर्यंत हे सगळं कागदावरच. वरचा स्लॅब नसताना उघड्या खड्ड्यात पावणेदोन मीटर पाणी साचलं असतं तर टाकी त्यातही उचलली गेली असती. म्हणून खड्ड्यात पंप ठेवला होता, आणि वळीव आला तर आधी टाकीत पाणी सोडायचं असं रखवालदाराला सांगून ठेवलं होतं.

खड्डा टाकीपेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच फूट मोठा खणला होता. तळाला साधं काँक्रीट, त्यावर सिमेंटच्या मालात शहाबादी फरशी, फरशीचे सांधे स्लरीनं भरलेले आणि वर पुन्हा मालाचा थर. हे आपल्याकडचं जुनं बॉक्स वॉटरप्रूफिंग. तळाच्या खालून नंतर काही करता येत नाही, म्हणून तेवढा भाग आधी उरकला. भिंतींना मात्र आतून-बाहेरून काहीही लावलं नाही, अगदी गिलावाही नाही. अण्णांचा मुलगा टाइल्सवाल्याला घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं. भिंतीवर काही चढवलं असतं तर गळती कुठे आहे ते चाचणीत दिसलंच नसतं.

वरचा स्लॅब ओतला, आतले पत्रे मॅनहोलमधून काढले. इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. बंद टाकीत ओली लाकडं आणि फळ्या आठ-पंधरा दिवस कुजत राहिल्या की त्या आतला प्राणवायू खातात. वास येत नाही, माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. झाकण आदल्या दिवसापासून उघडं हवं, पंख्यानं हवा आत सोडायला हवी आणि उतरणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर वर दुसऱ्या माणसाच्या हातात हवा. आत केमिकलचा कोट मारतानाही हेच.

भिंतीच्या काँक्रीटला २८ दिवस झाल्यावर टाकी भरायला घेतली. एकदम भरली नाही. दिवसाला चार हजार लिटर असं तीन दिवसांत १.६ मीटरच्या खुणेवर आणली. भार हळू चढला तर भिंतीला सावरायला वेळ मिळतो, आणि कुठे फवारा उडाला तर कोणत्या उंचीवर उडाला ते कळतं. भरून झाल्यावर नळाची जोडणी सोडवून ठेवली. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. थेंब थेंब गळणारा व्हॉल्व्ह आत पाणी घालत राहिला तर गळकी टाकीही चाचणीत उत्तीर्ण होते.

पहिले सात दिवस मोजणी धरायची नसते. कोरडं काँक्रीट पाणी पितं. तरी मी रोज सकाळी आठला पट्टीवर पातळी लिहीत होतो. पहिल्या दिवशी ९ मिलिमीटर उतरली, मग ६, मग ५, मग ४. त्यानंतर मात्र ४वरच अडकली. खरी खूण हीच. काँक्रीट पिणारं पाणी रोज कमी कमी होत जातं, गळतीचं पाणी रोज तेवढंच जातं. उतार घटत शून्याकडे चालला असेल तर वाट बघायची, एका आकड्यावर थांबला असेल तर बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरायचं.

आठव्या दिवशी टाकी पुन्हा खुणेपर्यंत भरली आणि खरी चाचणी सुरू केली. सात दिवस, दर चोवीस तासांनी नोंद. शेजारी एक साधी युक्ती: सरळ कडांच्या बादलीत पाणी भरून ती मॅनहोलमधून आत, पाण्याच्या जरा वर टांगायची आणि तिच्यावरही खूण करायची. बादलीतलं जितकं उतरेल तितकं वाफेनं गेलं, ते वजा करायचं.

सात दिवसांत टाकी २८ मिलिमीटर उतरली, बादली २. वरून झाकलेल्या जमिनीखालच्या टाकीसाठी मानकाची मर्यादा सात दिवसांत २० मिलिमीटर आहे. आमची टाकी नापास.

कंत्राटदार म्हणाला, "सहा मिलिमीटरनं काय होतंय? आतून कोट मारला की थांबेल." आता तो साडेसातचा आकडा वापरू. रोजचे ४ मिलिमीटर म्हणजे ३० लिटर, मिनिटाला वीस मिलिलिटर. ही ओल नव्हे, बारीक धार आहे. एवढी धार बाहेर कुठेतरी दिसलीच पाहिजे, आणि खड्डा उघडा होता म्हणून ती दिसली. ईशान्य कोपऱ्यात स्टार्टरच्या सांध्यावर हातभर ओली रेघ होती आणि तिच्या टोकातून पाणी पाझरत होतं. दुसरी जागा मागच्या भिंतीवर, त्या पाइपवाल्या बोल्टांपैकी एकाच्या तोंडाशी. मुरूम भरलेला असता तर हीच धार गुपचूप मुरुमात गेली असती आणि आम्ही आतून अख्खी टाकी खरवडत बसलो असतो.

खड्डा आधीच बुजलेला असेल तर आणखी एक वाट उरते. पाणी पुन्हा न भरता तसंच उतरू द्यायचं. ते एखाद्या पातळीवर येऊन थांबलं, तर गळती त्या पातळीच्या जरा वर आहे. बोल्टाची भोकं आणि पाइप अशा प्रकारे सापडतात. तळापर्यंत उतरतच राहिलं तर स्टार्टरचा सांधा किंवा तळ. यात वेळ जातो, पण भिंत फोडत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

टाकी रिकामी करून आतून कोपरा उघडला. वॉटरबार तिथे आडवा झाला होता. बांधायची तार सुटली असावी आणि माल पडताना पट्टी झुकली. तिच्याखाली माल पोचलाच नव्हता, मूठभर पोकळी होती. ठिसूळ काँक्रीट काढलं. सांध्याला तिरकं छेद देतील अशी १२ मिलिमीटरची भोकं वीतभर अंतरावर पाडली, त्यात पॅकर, म्हणजे रसायन आत ढकलायच्या नळ्या, बसवले आणि पॉलियुरेथेनचं इंजेक्शन दिलं. हे रसायन पाण्याशी मिळालं की फुगून घट्ट होतं, म्हणून ओल्या सांध्यात चालतं. नंतर आतली खाच न आकसणाऱ्या पॉलिमर मालानं भरली. बोल्टाच्या पाइपांचं काम किचकट निघालं. गळणारा एकच होता, पण सगळे अकराही ड्रिलनं पोखरून काढले आणि ग्राउटनं भरले. दोन माणसांचे दोन दिवस गेले. पत्रे उभे असतानाच बदलले असते तर दोन तासांत भागलं असतं.

मालाला आठवडा दिला आणि पुन्हा तीच चाचणी केली. या वेळी काँक्रीट आधीच ओलं होतं, तरी वाट पाहायचे सात दिवस सोडले नाहीत. मग रोजची नोंद आली १, १, १, ०, १, १, ०. एकूण ५ मिलिमीटर, त्यातले २ बादलीचे. बाहेरची भिंत हाताला कोरडी लागली. हेही पाहायचंच असतं. पट्टीवर १५ मिलिमीटर भरले पण भिंतीवर धार दिसतेय, अशी टाकी मी पास करत नाही. कागदावर ती बसत असेल, पण आज दिसणारी धार सळईपर्यंत जाऊन आलेली असते.

यानंतर वॉटरप्रूफिंग, दोन्ही अंगांनी. दोन्ही कशाला, हे बऱ्याच लोकांना कळत नाही. आतला कोट टाकीतल्या पाण्यामुळे भिंतीवर दाबला जातो, भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तळहात ठेवावा तसा. पण टाकी रिकामी असताना बाहेरचं पाणी भिंतीतून त्याच कोटाच्या पाठीवर येतं आणि त्याला सोलून काढतं. म्हणून बाहेरच्या पाण्याला बाहेरूनच अडवायचं. आत सगळ्या कोपऱ्यांना आधी मालाचा गोलसर वाटा काढला, कारण काटकोनात कोट पातळ होतो आणि तिथेच तडकतो. त्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. रसायन पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं आहे याचं पत्र दुकानदाराकडून आधी घेतलं. बाहेरूनही तेच दोन हात, आणि मुरुमातल्या दगडांनी तो ओरखडू नये म्हणून त्यावर शहाबादी उभी लावून मागची फट स्लरीनं भरली. टाइल्स या सगळ्यानंतर लावल्या. त्या टाकी धुवायला सोप्या म्हणून, पाणी अडवायला नाहीत.

मुरूम वीतभर थरांत, चारही बाजूंनी सारखा चढवत भरला. एका बाजूला ढीग ओतला की भिंतीवर एकतर्फी रेटा येतो. भरताना टाकीत निम्मं पाणी ठेवलं होतं. वर शेवटचा फूटभर थर चोपलेल्या मातीचा आणि त्यावर बाहेर उतार दिलेली फरशी, म्हणजे पावसाचं पाणी त्या मुरुमाच्या बादलीत कमी उतरेल. मॅनहोलची कड जमिनीपेक्षा वीतभर वर घेतली आणि स्लॅबवर पाणी साचवून तोही तपासला. अंगणातलं पाणी वरून आत आलं तर खालची सगळी मेहनत फुकट जाते.

अण्णांना चावी देताना झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं दोन ओळी लिहून दिल्या: "टाकी मे महिन्यात धुवावी. पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नये." त्यांनी वाचलं आणि विचारलं, "आणि पावसात घाण पाणी आलंच तर?" तर एकावेळी निम्मंच काढायचं आणि पुन्हा भरायचं. आत निदान ८० सेंटिमीटर पाणी राहिलं की आतलेच सहा टन टाकीला दाबून धरतात. त्यांनी खिशातून पेन काढून तेही झाकणावर लिहिलं.